अक्षरं तीच, मग सासूबाईंचा मंत्र वेगळा कसा?

कैरीचं_पन्हं

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढते.

माझ्या सासूबाईंनी साधारण तीस वर्षांपूर्वी एका गुरुजींकडून गणपतीचा मंत्र घेतला. रोज पहाटे देवघरासमोर बसून जप करतात. हात गोमुखीत, आवाज नाही, फक्त ओठ हलतात. मंत्र कोणता ते आजवर कुणालाही, अगदी सासऱ्यांनाही सांगितलेलं नाही. पण एकाच घरात अठरा वर्षं राहिल्यावर माणूस ओठही वाचायला लागतो. माझी खात्री आहे की तो मंत्र म्हणजे 'ॐ गं गणपतये नमः'. हाच मंत्र आमच्या दहा रुपयांच्या अथर्वशीर्षाच्या पुस्तिकेत छापलेला आहे, हाच गणेशोत्सवात लाउडस्पीकरवर वाजतो.

मला आता रोज थोडा जप करायची इच्छा झाली आहे. मी म्हटलं, "आई, पुस्तकात आहेच की, तोच सुरू करते." तर म्हणाल्या, "कर की. पण तो पुस्तकातला. माझा वेगळा." मी म्हटलं वेगळा म्हणजे काय, अक्षरं वेगळी का? त्यावर नुसत्या हसल्या.

मला भांडायचं नाही, खरंच समजून घ्यायचं आहे. दीक्षा घेऊन मिळालेला मंत्र आणि वाचून घेतलेला मंत्र यांत नेमका फरक काय मानतात? कृपया श्रद्धा विरुद्ध अंधश्रद्धा हा सामना इथे खेळू नये.

शंकेखोर

सामना खेळत नाही, एकच सरळ प्रश्न. आमटीची कृती आजीनं सांगितली काय आणि पुस्तकात वाचली काय, डाळ, पाणी, फोडणी तीच असेल तर आमटी तीच व्हायला हवी. इथे तर कृतीही नाही, नऊ अक्षरं आहेत. फरक आहे म्हणणाऱ्यानं तो कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं. 'अनुभवानंच कळतं' हे उत्तर मी धरणार नाही.

ओंकारनाद

फरक आहे आणि तो शास्त्रीय आहे. प्रत्येक मंत्राची ठरावीक कंपनं असतात. गुरूच्या मुखातून तीच कंपनं शिष्याच्या कानात जातात. कागदावर कंपन नसतं, म्हणून पुस्तकातला मंत्र निर्जीव. कुलार्णव तंत्रात तर पुस्तकातून मंत्र उचलून जपणाऱ्याला मोठं पातक सांगितलं आहे. त्यामुळे ताई, पुस्तकातून सुरू करू नका, अपाय होऊ शकतो.

शंकेखोर

@ओंकारनाद, मग चांगल्या स्पीकरवरून ऐकला तर चालेल? त्यात कंपनं भरपूर असतात.

पाणंद

मी या विषयात जाणकार वगैरे नाही, पण वडील गाणपत्य परंपरेतले होते आणि त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली आहेत. थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी कंपनांचं. जुनी परंपरा जपाचे तीन प्रकार सांगते. मोठ्यानं केलेला वाचिक, नुसते ओठ हलवून केलेला उपांशु आणि मनातल्या मनात केलेला मानस. यांत मानस सर्वांत वरचा धरतात. मनुस्मृतीतही हाच चढता क्रम आहे. सगळं सामर्थ्य हवेतल्या कंपनात असतं तर ज्या जपात आवाजच नाही तो सर्वांत खाली असायला हवा होता. तेव्हा कंपनांची भाषा अलीकडची, जुन्या ग्रंथांची नव्हे. कुलार्णवातला निषेध मात्र ओंकारनाद म्हणतात तसा खरंच आहे. तो तांत्रिक मंत्रांच्या संदर्भात आहे, सरसकट नामस्मरणाला लावू नये.

आता शंकेखोरांना हवं ते बोट. तुमच्या त्या दहा रुपयांच्या पुस्तिकेवरच ठेवतो. 'गणादिं पूर्वमुच्चार्य वर्णादिं तदनंतरम्' ही ओळ आपण सगळे घोकतो. त्या ओळीत मंत्राचं बीज, म्हणजे त्यातलं 'गं' हे मूळ अक्षर, थेट लिहिलेलं नाही, कोड्यात सांगितलं आहे. गण शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे ग्, वर्णमालेचं पहिलं अक्षर म्हणजे अ, मग अनुस्वार, त्यावर अर्धचंद्र, आणि 'तार' म्हणजे ॐ. जुळवा, ॐ गं तयार. याला मंत्रोद्धार म्हणतात. तंत्रग्रंथांत मंत्र बहुधा असेच, सोडवून घ्यायच्या कोड्यासारखे दिलेले असतात. म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय की वाचणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी बसलेलं आहे.

आणि कोडं सोडवताना घोळ कसा होतो बघा. पुढचा शब्द काही छापील प्रतींत 'तारेण ऋद्धम्' आहे, काहींत 'तारेण रुद्धम्'. आपण मराठी माणसं ऋ चा उच्चार रु असाच करतो, त्यामुळे कानाला दोन्ही सारखेच. ऋद्ध म्हणजे समृद्ध झालेलं, ॐकारानं पुष्ट केलेलं. रुद्ध म्हणजे अडवलेलं, वेढलेलं. रुद्ध घेतलं तर दोन्ही बाजूंना ॐ, मध्ये गं, असाही अर्थ निघू शकतो. पुस्तक एकदा छापलं की ते एवढंच सांगतं. तुमच्या हातात कोणती प्रत आली यावर मंत्र ठरायला लागतो.

कैरीचं_पन्हं

अरे देवा. आत्ता उठून पाहिलं. माझ्या पुस्तिकेत 'रुद्धम्' आहे. आणि माहेरून आणलेल्या जुन्या प्रतीत 'ऋद्धम्'. चाळीस वर्षं म्हणतेय, कधी लक्षातच आलं नाही!

शंकेखोर

हे मान्य. पण हा पाठभेदाचा प्रश्न झाला. चांगली संशोधित आवृत्ती काढली की संपला. गुरू कशाला?

मीरारोडची_मीरा

घरात सतत कटकटी चालू आहेत, मुलाचं लग्न जमत नाहीये. यावर कोणता मंत्र चांगला? किती वेळा म्हणायचा? कृपया लवकर सांगा.

पाणंद

@मीरारोडची_मीरा ताई, इथे विषय वेगळा चालला आहे, आणि न पाहता न भेटता मंत्र सांगणं मला जमणार नाही. खरं तर तुम्हाला 'नाही' म्हणण्यातच या धाग्याचं अर्धं उत्तर आहे.

@शंकेखोर, पाठभेद मिटला तरी एक गोष्ट उरते. 'गं' म्हणायचा कसा? आपण भराभर वाचतो तेव्हा पुढच्या ग मुळे अनुस्वाराचा ङ् होतो आणि 'गङ्गणपतये' असं निघतं. पण माझ्या वडिलांनी मला बीज सुटं म्हणायला शिकवलं. गम्, ओठ मिटून, क्षणभर थांबून, मग गणपतये. काही घरांत ओठ न मिटता नाकातून नाद चालू ठेवतात. कागदावर तिन्हींचं लेखन एकच, ग वर टिंब.

@कैरीचं_पन्हं, तुम्ही सासूबाईंचे ओठ पाहताच आहात म्हणून सुचतंय. मंत्राच्या एका फेरीत त्यांचे ओठ किती वेळा मिटतात? घाईनं म्हटला तर तीनदा मिटायला हवेत: ॐ च्या शेवटी, गणपतये मधल्या प ला आणि नमः मधल्या म ला. बीज सुटं म्हणत असतील तर चारदा.

ओंकारनाद

मी कंपनं म्हणालो ते याच अर्थानं. उच्चार बदलला की कंपनं बदलणारच.

शंकेखोर

आता मात्र मजा येतेय. ताई, मोजा मोजा.

भीमथडीचा_वारकरी

राम कृष्ण हरी. तुमची चर्चा वाचली. आमच्याकडे हे लपवालपवीचं प्रकरणच नाही. 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिंडीत हजारो लोक टाळ वाजवत म्हणतात. लहान पोरालाही येतो. तुकोबांनी सगळ्यांना उघडा करून दिला. मग गुरूनं कानात सांगितल्यानं काय वेगळं होणार? बाकी माझे आजोबा माळकरी, वडील माळकरी, मी स्वतः बावीसाव्या वर्षी माळ घातली.

पाणंद

माउली, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण तुकोबांचाच अभंग पुन्हा पाहा. बाबाजींनी आपलं नाव सांगितलं, राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगितली, डोक्यावर हात ठेवला आणि 'मंत्र दिला राम कृष्ण हरि'. त्या दिवसाची तिथी आणि वारही तुकोबांनी नोंदवून ठेवला आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. विठ्ठलभक्ताच्या घरात जन्मलेल्या माणसाला राम, कृष्ण, हरी ही नावं त्या दिवशी पहिल्यांदा कळली असतील का? नावं आधीपासून ठाऊक होती. तरी ते 'दिला' म्हणतात आणि तिथी लिहितात. आणि हे सगळं स्वप्नात. बाबाजींनी जेवणाला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं, याची चुटपूटसुद्धा अभंगात आहे.

तेव्हा उघडा मंत्र आणि दिलेला मंत्र या दोन गोष्टी वारकरी परंपरेतही आहेत. गुप्तता नाही, एवढाच फरक.

आणि एक विचारू? माळ तुम्ही दुकानातून आणून स्वतःच गळ्यात घातलीत का?

भीमथडीचा_वारकरी

नाही नाही. तसं चालत नाही. आमच्या फडाच्या महाराजांच्या हातून घातली, पंढरपुरात. आधी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, मग त्यांनी गळ्यात घातली. मांस-मद्य बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, हे वदवून घेतलं. मधे एकदा कामावर असताना माझी माळ तुटली, तेव्हा नवी घालेपर्यंत मी अन्न घेतलं नाही. माळ बाजारात कुठेही मिळते, ते खरंच आहे. तुमचं म्हणणं आलं लक्षात. पण मंत्र कुणाला सांगू नको असं कुणी म्हणालं तर ते मला अजून पटत नाही. चांगली गोष्ट लपवायची कशाला?

एडिसनकर

आमचा ताजा किस्सा. मागच्या उन्हाळ्यात पुण्याला येऊन मुलाची मुंज केली. पोरगा आठ वर्षांचा, गायत्री मंत्र त्याला मोबाईलवर ऐकून तोंडपाठ. उपरण्याखाली मी त्याच्या कानात सांगायला लागलो तर म्हणतो, "बाबा, आय नो धिस." आणि पुढचं सगळं एका दमात म्हणून मोकळा! गुरुजी बाहेरून ओरडले, "थांबव त्याला." मग आधी एकेक पाद, मग अर्धी अर्धी ऋचा, मग सगळी, असं तीन टप्प्यांत माझ्यामागून म्हणवून घेतलं. मला वाटलं होतं नुसता सोहळा आहे. पण त्यात कळलं की पोरगा 'धियो यो नः' च्या जागी दोन वर्षं 'धियो योना' म्हणत होता. ऐकून शिकलेला, पण त्याचं कुणी ऐकलंच नव्हतं.

पाणंद

@एडिसनकर, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद. मी चार परिच्छेद लिहून तिथे पोचलो नसतो. आपण समजतो की दीक्षेत गुरू सांगतो. सांगतो तर खराच, उजव्या कानात, बहुतेक ठिकाणी तीनदा. पण त्यानंतर शिष्याला म्हणायला लावून तो ऐकतो. ही उलट बाजू पुस्तकाला नाही, मोबाईललाही नाही.

शंकेखोर

हे मला पटणारं पहिलं उत्तर. म्हणजे गुरू हा मुद्रितशोधक. पण मग तो कोणीही चालेल ना, ज्याला उच्चार येतो असा? संस्कृतचा प्राध्यापक का नको?

पाणंद

परंपरा म्हणेल, नको. तिच्या मते मंत्र ज्यानं स्वतः जपून मुरवला तोच देऊ शकतो. त्या मुरण्याला ग्रंथ चैतन्य म्हणतात. हे मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, म्हणून त्यावर वाद घालत नाही. पण मुरवणं म्हणजे किती, हे आकड्यांत सांगतो.

याला पुरश्चरण म्हणतात. ढोबळ नियम, मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप. मग त्याच्या दहाव्या हिश्शानं हवन, त्याच्या दहाव्या हिश्शानं तर्पण, मग मार्जन, मग भोजन. आता या मंत्राची अक्षरं किती? ॐ धरला तर नऊ, सोडला तर आठ. आठ धरले तर ८ लाख जप, ८०,००० आहुती, ८,००० तर्पण, ८०० मार्जन आणि ८० पानं. माळ १०८ मण्यांची असली तरी वरचे आठ चुकीपोटी सोडून शंभरच मोजतात. रोज दहा माळा, म्हणजे तासाभराची बैठक, तर ८०० दिवस. ॐ मोजला तर आणखी शंभर दिवस. हा शंभर दिवसांचा प्रश्न पुस्तक सोडवत नाही. तुमच्यासाठी काय धरायचं ते देणारा सांगतो, आणि आजारपण, सुतक, प्रवास यांत खंड पडला तर मागचं धरायचं की पुन्हा एकपासून, तेही तोच सांगतो. माझ्या वडिलांकडे येणाऱ्यांचे नव्वद टक्के प्रश्न असलेच असत. मोक्षाबद्दल फारसं कुणी विचारत नसे.

कैरीचं_पन्हं

मंडळी, मोजणीचा अहवाल.

तीन दिवस पहाटे उठून चहाच्या निमित्तानं देवघराच्या दारात उभी राहिले. ओठ तीनदा मिटतात. निदान मला तरी तीनच दिसले. म्हणजे आई 'गङ्गणपतये' म्हणतात, बीज सुटं नाही. मग वेगळेपण कुठे गेलं?

एडिसनकर

एक मिनिट. मंत्रात ॐ नसेल आणि बीज सुटं असेल तरीही तीनच होतील ना? गम्, प, म.

पाणंद

बरोबर पकडलंत, मी हे आधीच सांगायला हवं होतं. जुन्या वळणाचे काही गुरुजी स्त्रियांना मंत्र देताना ॐ वगळतात किंवा त्याजागी दुसरं बीज घालतात. ते योग्य की अयोग्य यावर मी इथे बोलत नाही, माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे एवढंच नोंदवतो. पण तसं असेल तर तुमच्या सासूबाईंचा मंत्र छापील मंत्राहून अक्षरांनीही वेगळा आहे. मिटणं मोजू नका, सुरुवात पाहा. ॐ असेल तर ओठ आधी गोल होतील.

कैरीचं_पन्हं

तो रस्ता बंद झाला. चौथ्या दिवशी आईंनी जप थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझे ओठ मोजायला तुला कुणी सांगितलं?" मी चोरासारखी उभी. सगळं सांगून टाकलं, धाग्यासकट. आता त्या तोंडावर पदर घेऊन जपाला बसतात.

पण त्या दिवशी दुपारी भाजी निवडताना आपणहून बोलल्या. गुरुजींनी मंत्र दिला आणि चाळीस दिवसांनी परत बोलावलं. समोर बसवून म्हणायला लावलं. आईंना वाटत होतं बिनचूक म्हणतोय. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "एक जागा निसटते आहे. पुन्हा चाळीस दिवस." कुठली जागा ते आईंनी मला सांगितलं नाही. असं दोन वेळा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, आता राहू दे, आता बसला. आई म्हणाल्या, "तो वेगळा म्हणजे काय ते मला पण सांगता नाही यायचं. पण पुस्तकातल्या मंत्रानं मला कधी परत पाठवलं नसतं."

शंकेखोर

सासूबाईंना नमस्कार सांगा. वाद हरलो असं म्हणत नाही, पण आमटीचं उदाहरण मागे घेतो. आमची आजीही आमटी चाखून "परत कर" म्हणायची.

ओंकारनाद

सगळं ठीक, पण ताईंनी आता काय करावं हे कुणीच सांगितलं नाही. मी अजूनही म्हणतो, दीक्षेशिवाय करू नये.

पाणंद

@ओंकारनाद, अथर्वशीर्षाच्या शेवटी 'अशिष्याय न देयम्' असं स्पष्ट लिहिलं आहे, शिष्य नसलेल्याला देऊ नये. तेच अथर्वशीर्ष ऋषिपंचमीला पुण्यात दगडूशेठसमोर हजारो बायका एका सुरात म्हणतात. मला तरी त्यात पातक दिसत नाही. ताईंनी नाम म्हणून, स्तोत्र म्हणून खुशाल म्हणावं. संकल्प करून, न्यास करून म्हणजे मंत्र म्हणत बोटांनी अंगाला स्पर्श करून, लाखाची संख्या धरून बसायचं असेल तर मात्र कुणीतरी ऐकणारं शोधावं. मी न्यासाचं मुद्दाम लिहीत नाही. गां गीं गूं हे छापलेलं सगळीकडे मिळतं, पण बोटं कशी फिरवायची ते चित्रावरून शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, उलटी फिरवतात.

भीमथडीचा_वारकरी

ताई, घरातच ऐकणारं माणूस बसलंय की. सासूबाईंकडूनच घ्या.

कैरीचं_पन्हं

हेच मी आईंना म्हटलं. म्हणाल्या, "मला जपायची परवानगी आहे. द्यायची मी मागितली नव्हती." आणि ते गुरुजी जाऊन दहा वर्षं झाली. आता ती परवानगी कुणाकडे मागायची?

पाणंद

स्वप्नात मिळालेला मंत्र आणि स्त्रीनं दिलेला मंत्र यांना तंत्रग्रंथ बरीच सवलत देतात. एरवी नावाचं आद्याक्षर आणि मंत्राचं आद्याक्षर सोळा घरांच्या चक्रात मोजून मंत्र सिद्ध की अरि, म्हणजे लाभणारा की वैरी, ते तपासतात. या दोन्हींना ती तपासणी नको असं म्हटलं आहे. आईनं मुलाला दिलेली दीक्षा तर आठपट शुभ सांगितली आहे. पण मूळ गुरू हयात नसताना, परवानगी न घेतलेल्या शिष्येनं द्यावी का, यावर आमच्या घरातच दोन मतं होती. वडील म्हणत नाही, काका म्हणत पुरश्चरण पुरं झालं असेल तर हो.

एडिसनकर

पण आईची आठपट म्हणालात, त्यात सासू धरतात का?

कैरीचं_पन्हं

हा प्रश्न मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवला. उत्तर आलं, "आधी पहाटे उठायला लाग, मग बघू."